यंत्र खरं, कार्ड दिखाऊ

लिनक्सच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज चढवलं, त्यात ‘एल्डन रिंग’ बसवला. गेम उघडायला गेलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि डायरेक्टएक्स १२ बद्दल तक्रार करून सगळं बंद पडतं. मालक चक्रावतो, कारण संगणकात चांगलं महागडं ग्राफिक्स कार्ड आहे!

ते कार्ड आहे, पण आतल्या विंडोजला ते दिसतच नाही. आभासी यंत्र त्याच्यापुढे एक नकली कार्ड ठेवतं. खिडक्या, अक्षरं दाखवायला ते पुरतं. पण गेम सुरू होतानाच कार्डाला विचारतो, तुला डायरेक्टएक्स १२ येतं का? व्हर्च्युअलबॉक्सचं थ्रीडी ॲक्सिलरेशन चालू केलं, तरी त्याची मजल ११ पर्यंतच. शिवाय सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी फार तर २५६ एमबी देता येते. या गेमला किमान ३ जीबीचं कार्ड लागतं. म्हणून प्रोसेसर किंवा रॅम वाढवून काही साधत नाही.

खात्री करायची तर आतल्या विंडोजमध्ये `dxdiag` चालवा. ‘डिस्प्ले’खाली तुमच्या कार्डाऐवजी व्हर्च्युअलबॉक्सचं किंवा मायक्रोसॉफ्टचं साधं ॲडॅप्टर दिसलं, की निदान झालं.

केव्हीएमवर खरं कार्डच आतल्या यंत्राच्या हवाली करता येतं. मात्र त्यासाठी बायोसमध्ये आयओएमएमयू चालू हवं आणि लिनक्सच्या पडद्यासाठी सहसा दुसरं कार्ड लागतं. एवढ्या खटाटोपापेक्षा वेगळ्या डिस्कवर विंडोज टाकून संगणक थेट त्यातच सुरू करणं सोपं.