लाइट गेल्यावर नेमकं काय काय बंद पडतं?

देवरुखात घरी बसून पुण्यातल्या प्रकाशकासाठी पुस्तकाची मांडणी करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातलं सामान घरोघरी दिसणारंच आहे. एक लॅपटॉप, केबलवाल्याचं फायबर कनेक्शन, घराचा इन्व्हर्टर, एक अँड्रॉइड फोन. शुक्रवारी संध्याकाळी सहाला १८० एमबीची पीडीएफ छापखान्यात पोचायची आहे. जुलै महिना आहे, सकाळी दहाला लाइट गेली आहे आणि वायरमनचा फोन लागत नाही.

अशा वेळी इन्व्हर्टर आहे, फायबर आहे आणि फोनवर डेटाही आहे, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण खरा प्रश्न वेगळाच असतो. मुख्य सोय ज्या कारणाने बंद पडली, त्याच कारणाने पर्यायी सोयही बंद पडणार आहे का? लहान गावात बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं, कारण सगळ्याचं मूळ एकाच फीडरवर असतं. पर्यायी व्यवस्था लावताना पैसे कशावर घालायचे, हे या एका प्रश्नावरून ठरतं.

आधी वीज पाहू. घरोघरी दिसणारा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या १५० एएच ट्यूब्युलर बॅटरीवर चालतो. या दोन आकड्यांचा गुणाकार १८०० वॉट-अवर होतो, पण तो कागदावरचा. लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर मरते, आणि बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलतानाही काही वाया जाते. म्हणून चांगल्या बॅटरीतून हाती ११०० वॉट-अवर येतात, असं धरून चालावं. त्यावर लॅपटॉप (६० वॉट), जुना पंखा (७५ वॉट) आणि दोन एलईडी दिवे (२० वॉट) चालवले तर सात तास मिळतात. पण घरातले तीन पंखे, टीव्ही आणि सगळे दिवे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर भार चारशे वॉटच्या पुढे जातो आणि अडीच तासांत घरात अंधार होतो. मोठी बॅटरी घेण्याआधी कामाच्या खोलीतला पंखा बदलून बीएलडीसी घ्यावा. तो तीसेक वॉट खातो, आणि त्या खोलीपुरती बॅटरी दहा तासांपर्यंत ताणता येते. बाकी घराचं काय चालू राहील आणि काय बंद होईल, हे घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवलेलं बरं. ऐन वेळी सासूबाईंची मालिका बंद करायला सांगणं कुणालाच सोपं नसतं.

इन्व्हर्टरवरच्या एका बटणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्यात दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर क्षणात बॅटरीवर येतो, त्यामुळे डेस्कटॉपही बंद पडत नाही. पण या मोडमध्ये तो साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज नाकारतो. संध्याकाळी गावातले पंप सुरू झाले की व्होल्टेज त्याहून खाली येतं. मग लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीच उपसत राहतो, ती चार्ज होत नाही, आणि खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. दिवे चालू आहेत पण इन्व्हर्टरवर बॅटरीचा दिवा लागलेला आहे, असं वारंवार दिसलं तर हेच चाललं आहे असं समजावं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला अर्ध्या सेकंदाच्या खंडाने फरक पडत नाही. म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात लॅपटॉपवर काम करावं आणि इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवावा. डेस्कटॉप असेल तर त्याला वेगळा लहान यूपीएस हवा.

राउटर मात्र त्या अर्ध्या सेकंदात बंद पडतो, आणि पुन्हा जोडला जायला दोन-तीन मिनिटं घेतो. पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी लाइट ये-जा करत असेल तर व्हिडिओ कॉल करणं अशक्यच. यावर वायफाय राउटरसाठीचा मिनी यूपीएस हा सोपा उपाय आहे. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचावा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, पण काहींवर ९ किंवा ५ असतं, आणि चुकीचं लावलं तर राउटर जळतो. खोक्यावरच्या ८००० एमएएचवर जाऊ नये. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे एकूण तीसेक वॉट-अवर. आठ वॉट खाणाऱ्या राउटरला त्यातून तीन तास मिळतात. फायबरची पेटी आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींची सोय करावी लागते.

एवढं केल्यावर आपल्या घरातला राउटर चालू राहतो. पण इंटरनेट चालू राहतं का? इथे बहुतेकांची गाडी अडते. फायबर ही काच आहे, तिला स्वतःला वीज लागत नाही, आणि नीट उभारलेल्या जाळ्यात खांबावरच्या डब्यातले स्प्लिटरही विजेविना चालतात. पण केबलवाल्याच्या कार्यालयातलं ओएलटी नावाचं यंत्र विजेवर चालतं. काही गावांत तर खर्च वाचवायला वाटेतल्या खांबावर विजेवर चालणारा स्विच बसवलेला असतो आणि त्याची वीज शेजारच्या एखाद्या घरातून घेतलेली असते. त्या घराची लाइट गेली की आपलं इंटरनेटही जातं, मग आपल्याकडे कितीही बॅटऱ्या असोत.

हे ओळखायला राउटरवरचे दोन दिवे पुरतात. PON दिवा स्थिर हिरवा असेल तर केबलवाल्यापर्यंतची काच आणि तिथलं यंत्र ठीक आहे. तरीही इंटरनेट नसेल तर बिघाड त्याच्या पुढे आहे. LOS दिवा लाल असेल तर पलीकडून प्रकाशच येत नाही: काच तुटली आहे किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा मिनी यूपीएस लावून घड्याळ बघा. लाल दिवा काही सेकंदांत लागला तर वाटेत कुठेतरी विजेची पेटी आहे. चार तासांनी लागला तर बहुधा केबलवाल्याच्या बॅटऱ्या संपल्या. मग त्याला भेटून थेट विचारावं, तुमच्या ओएलटीला किती तासांचा बॅकअप आहे आणि माझ्या लाइनवर मध्ये पॉवरचा डबा आहे का? असा नेमका प्रश्न विचारणाऱ्याला सहसा नेमकं उत्तर मिळतं.

दुसरी लाइन म्हणून मोबाइल डेटा घ्यायचा, पण कुठल्या कंपनीचा? फायबर ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम घेऊ नये. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने त्या कंपनीची मुख्य केबल तोडली की घरचं फायबर आणि टॉवर दोन्ही एकदम बंद पडतात, कारण टॉवरलाही पुढे त्याच केबलवरून जायचं असतं. शिवाय एकाच लोखंडी मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असू शकतात. मनोऱ्याची बॅटरी आणि डिझेल संपलं की त्या सगळ्याच गप्प होतात. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात. दुसरं सिम शक्यतो वेगळ्या मनोऱ्यावरचं घ्यावं, रेंज थोडी कमी असली तरी चालेल. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल डीबीएममध्ये दिसतो: उणे ८५ च्या आसपास चांगला, उणे ११० च्या पलीकडे काम अवघड. खिडकीपाशी, गच्चीवर, मागच्या पडवीत फोन फिरवून पाहिला की कामाच्या दिवशी कुठे बसायचं ते आधीच कळतं. हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडलं तर लाइन स्थिर राहते आणि फोनही चार्ज होतो.

सिमवरच्या रोजच्या डेटाची मर्यादा संपली की अनेक प्लॅनवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने आपली १८० एमबीची फाइल जायला सहा तासांहून जास्त लागतील. साधा ३ एमबीपीएसचा अपलोड मिळाला तर हेच काम आठ मिनिटांचं आहे. डेटा गुपचूप खाणारे मुख्य दोघे: विंडोजचे अपडेट आणि क्लाउडचं सिंक. फोनच्या जोडणीवर Metered connection चालू केलं की हे दोघे बरेच आवरतात. आणखी एक, गावचं फायबर गेलं की सगळं गाव मोबाइल डेटावर येतं आणि टॉवरवर गर्दी होते. म्हणून फाइल आदल्या रात्रीच अपलोड करून ठेवावी आणि शुक्रवारी फक्त बदललेली पानं पाठवावीत.

फाइलींबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये दिसणारी फाइल लॅपटॉपवर असेलच असं नाही. वनड्राइव्हमध्ये फाइलपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती इंटरनेटविना उघडणार नाही. चालू कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून Always keep on this device निवडावं. गूगलच्या ड्राइव्हमध्ये Available offline असतं. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसलं जातं, आणि ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो. त्यामुळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर विंडोजची फाइल हिस्ट्री चालू ठेवावी. तिच्यात फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. कॉपी झाल्यावर डिस्क काढून ठेवावी. ती कायम लॅपटॉपला जोडलेली असली तर वीज कडाडल्यावर दोन्ही एकदमच जातील.

मराठी मांडणीच्या कामात फॉन्टचीही वेगळी प्रत लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. लॅपटॉपच बिघडला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर काम पुरं करायची वेळ आली, तर फॉन्ट हातात नसल्यामुळे सगळं अडेल. इनडिझाइनमध्ये Package केलं की फाइल, चित्रं आणि बहुतेक फॉन्ट एका फोल्डरमध्ये जमा होतात. डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर तो डोंगल त्या फोल्डरइतकाच जपावा.

आता तो शुक्रवार. दहाला लाइट गेली, तेव्हा बाईंनी टीव्ही आणि बाकीचे पंखे बंद केले. मिनी यूपीएसवर फायबर चालू होतं. बारा वाजता LOS लाल झाला, कारण केबलवाल्याच्या बॅटऱ्या तेवढ्याच पुरल्या. त्यांनी दुसऱ्या सिमवर केबल लावली. गुरुवारी रात्री पूर्ण पीडीएफ पाठवली होती, म्हणून आता आठ बदललेल्या पानांची फक्त १२ एमबीची पीडीएफ उरली होती. गर्दीत अपलोड अर्ध्या एमबीपीएसवर आला होता, तरी ती तीनेक मिनिटांत गेली.

हे सगळं काही तासांच्या खंडापुरतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनच्या बाजूला अनेक गावांत कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. अशा वेळी घरातली कुठलीच व्यवस्था पुरत नाही. तेव्हा गाव सोडावं लागतं, आणि त्याची वेळ आधी ठरलेली असावी. देवरुखाहून एसटीने रत्नागिरीला पोचायला दोनेक तास धरले आणि अपलोडला एक तास, तर सहाच्या कामासाठी दुपारी दोनच्या आत निर्णय घ्यावा लागतो. दोन वाजेपर्यंत तिन्ही लाइनी बंद असतील तर वाट बघत बसू नये. पण झाडं पडून घाट बंद असेल, तर एसटीही उपयोगाची नाही. म्हणून वादळाचा इशारा आला की रस्ता चालू असतानाच, आदल्या दिवशी निघावं. पिशवीत लॅपटॉप, चार्जर, फोनची केबल, Package केलेल्या फोल्डरचा पेनड्राइव्ह, आणि छापखान्याचा नंबर कागदावर लिहून, कारण फोनची बॅटरीही संपलेली असू शकते.