दर रविवारी एक फेरी जास्त

नाशिकच्या एका सोसायटीतल्या आजींची ही गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यात जे घडतं ते खऱ्या गुडघ्यांना आणि खऱ्या हृदयाला धरून आहे. आजी अडुसष्ट वर्षांच्या. पावसाळ्यात डेंग्यू झाला, तीन आठवडे अंथरुणात गेले. ताप उतरला, पण चालायची सवय मोडली ती मोडलीच. दिवाळीच्या आधी नातीने मोजपट्टी आणून सोसायटीच्या कुंपणाची फेरी मोजली, तर ती दोनशे मीटर भरली. आजींनी पहिल्या दिवशी दोन फेऱ्या मारल्या. मध्ये एकदा बाकावर टेकल्या, आणि एकूण नऊ मिनिटं लागली.

नियम नातीने ठरवला: आठवडाभर तेवढंच अंतर चालायचं, आणि रविवारी सगळं ठीक असेल तर पुढच्या आठवड्यापासून एक फेरी वाढवायची. आजींना हे अगदीच पोरकट वाटलं. पाचव्या आठवड्यात त्या सहा फेऱ्या म्हणजे बाराशे मीटर चालत होत्या, धापही लागत नव्हती. "अगं, मी आता गंगापूर रोडपर्यंत जाईन," असं त्यांनी जाहीर केलं. त्या रविवारी शेजारच्या काकूंबरोबर खरंच तीन किलोमीटर चालून आल्या. संध्याकाळी उजवा गुडघा सुजला.

इथे चूक कुठे झाली, हे समजायला शरीराच्या आतलं वेळापत्रक पाहावं लागतं. नियमित चालायला लागलं की हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतं आणि धाप कमी होते. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू साधारण त्याच सुमारास, थोडे मागून येतात. स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, म्हणजे कंडरा, मात्र महिन्यांच्या हिशोबाने बळकट होतात. हाडाचा तर जुना भाग काढून नवा भरण्याचा एक फेराच काही महिन्यांचा असतो. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला, उचलला, की ती दाबली जाते, सुटते, आणि भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळतं. तिला भार हवा असतो, पण बेताचा.

म्हणजे श्वास सर्वांत आधी 'चला' म्हणतो आणि सांधे सर्वांत शेवटी तयार होतात. घसरगुंडी होते ती बहुधा पहिल्या आठवड्यात नाही, तर चौथ्या-पाचव्यात, जेव्हा सगळं सोपं वाटू लागलेलं असतं. आठवड्याला दोनशे मीटरची कासवगती ही फुप्फुसांसाठी नसून गुडघ्यांसाठी असते.

सूज उतरेपर्यंत आजींनी तीन दिवस विश्रांती घेतली. त्यानंतर बाराशेवर परत न जाता आठशे मीटरवर आल्या आणि पुढचे दोन आठवडे तिथेच थांबल्या. मग पुन्हा आठवड्याला एक फेरी. नातीने आता दोन खुणा शिकवल्या. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे. आणि चालून दोन तास झाल्यावरही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर अंतर जास्त झालं. त्या आठवड्यात फेरी वाढवायची नाही. सोळाव्या आठवड्यात आजी बारा फेऱ्यांवर पोचल्या. दोन हजार चारशे मीटर, चाळीस मिनिटांत.

तिथेच त्या थांबल्या, आणि हा गोष्टीतला सर्वांत शहाणा भाग. दर आठवड्याला दोनशे मीटर वाढवत राहिलं तर वर्षाअखेर रोज दहा किलोमीटरच्या वर चालावं लागेल. मग स्वयंपाक, देवपूजा आणि मालिका कधी? शिवाय त्याची गरजही दिसत नाही. अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांच्या पावलांची नोंद घेतलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभरात सुमारे 2,700 पावलं टाकणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं टाकणाऱ्यांमध्ये नंतरच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. साडेसात हजारांच्या आसपास मात्र हा फायदा स्थिरावला. दहा हजारांचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला. आजींच्या बारा फेऱ्या साधारण चार हजार पावलांच्या होतात. स्वयंपाकघरातली, जिन्यावरची, बाजारातली पावलं वेगळीच.

चारशे मीटरपासून सुरुवात करणं हेही काही लहान काम नव्हे. अमेरिकेतल्याच आणखी एका मोठ्या प्रयोगात सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, फारशी हालचाल नसलेल्या 1,635 जणांना घेतलं होतं, आणि 'चालता येणं' याची कसोटीच चारशे मीटर ही ठेवली होती. अर्ध्यांना हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. बाकीच्यांना आरोग्यावरची व्याख्यानं आणि अंग ताणण्याचे थोडे व्यायाम. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात व्याख्यानवाल्यांपैकी सुमारे 35 टक्क्यांची चारशे मीटर चालण्याची क्षमता हरपली, व्यायामवाल्यांपैकी 30 टक्क्यांची. फरक चमत्कारासारखा नाही. पण शंभरातल्या पाच जणांना आपल्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाता येत राहणं, याला थोडकं कोण म्हणेल?

अतिशयोक्ती वाटावी अशी, पण खरी आजीही आहे: ओहायोच्या एमा गेटवुड. अकरा मुलांची ही आई 1955 च्या हिवाळ्यात मुलाकडे राहत असताना आधी घराभोवतीच्या चौकाला एक चक्कर मारू लागली, मग अंतर वाढवत एप्रिलपर्यंत रोज सोळा किलोमीटरवर गेली. मे महिन्यात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्याला लावून ती एकटी अ‍ॅपलेशियन पायवाटेवर निघाली आणि सप्टेंबरात तीन हजार किलोमीटरहून अधिक वाट संपवली. तिच्या वाढीचा वेग मात्र आपल्या आजींनी उचलू नये. तिचा जन्म शेतकामात गेलेला होता. डेंग्यूनंतर पलंगावरून उठलेल्या शरीराशी तिची बरोबरी होत नाही.

मोजून चालण्याचा एक फायदा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पोटरी रोज ठरावीक अंतरावर, समजा पाचव्या फेरीला, दुखायला लागते आणि नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत थांबते, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूचा इतिहास असेल तर. उलट उभं राहून थांबत नाही, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, तर दोष कण्यात असू शकतो. 'पाय दुखतात' एवढंच सांगण्यापेक्षा 'पाचव्या फेरीला दुखतात आणि उभं राहिलं की थांबतात' हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

सतराव्या आठवड्यापासून आजींनी अंतर तेवढंच ठेवून हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठण्याचा व्यायाम सुरू केला, कारण पडण्यापासून वाचवायला नुसतं चालणं पुरत नाही, मांड्यांत ताकद लागते. घरातल्या आजींना चालायला काढणार असाल तर आधी फेरी मोजा आणि आकडे कॅलेंडरवर लिहा. हृदयविकार असेल किंवा मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाटून आलं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, भोवळ आली, तर फेरी पुरी करायच्या भानगडीत पडू नका. तिथेच बसवा आणि लगेच दवाखाना गाठा.