फरक-अहवाल

एकच तपासणी ठराविक काळाने पुनःपुन्हा केली जात असता, प्रत्येक वेळी संपूर्ण निष्कर्ष न देता मागील तपासणीनंतर जे बदलले तेवढेच नोंदणाऱ्या अहवालास फरक-अहवाल म्हणतात. ज्या नोंदीशी तुलना केली जाते तिला आधारप्रत म्हणता येईल. संगणकाच्या देखभालीत ही पद्धत फार वापरतात. तिचे स्वरूप व मर्यादा युनिक्स परिवारातील फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीच्या रात्रीच्या सुरक्षा-तपासणीवरून चांगल्या समजतात.

या प्रणालीत काही फाइली अशा असतात, की त्या कोणीही चालविल्या, तरी चालविणाऱ्याचे नव्हे तर फाइलीच्या मालकाचे अधिकार वापरले जातात. त्यांना `setuid` फाइली म्हणतात. परवलीचा शब्द बदलणारी `passwd` ही आज्ञावली या प्रकारची आहे. कारण सामान्य वापरकर्त्याला स्वतःचा शब्द बदलता यावा, यासाठी तिला मुख्य प्रशासकाचे अधिकार लागतात. संगणकात शिरलेला घुसखोर पुन्हा सहज येता यावे म्हणून अशीच एखादी फाइल गुपचूप ठेवून जातो. त्यामुळे या फाइलींची यादी रोज तपासणे आवश्यक ठरते. परंतु पूर्ण यादी रोज पाठविली, तर प्रशासक ती काही दिवसांनी वाचेनासा होतो आणि नवी ओळ जुन्या ओळींत दडून राहते. फरक-अहवालाचे प्रयोजन हेच आहे.

कार्यपद्धती : मूळ मांडणीनुसार ही तपासणी पहाटे ३ वाजून १ मिनिटाने सुरू होते. डिस्कवरील `setuid` फाइली शोधून त्यांची यादी एका तात्पुरत्या फाइलीत लिहिली जाते आणि ती `/var/log/setuid.today` या आधारप्रतीशी ताडून पाहिली जाते. दोन्ही सारख्या असल्यास त्याविषयी काही लिहिले जात नाही. फरक आढळल्यास तो प्रशासकाच्या टपालात जातो. जुनी आधारप्रत `setuid.yesterday` या नावाने ठेवली जाते व नवी यादी तिची जागा घेते. म्हणजे ‘काल’ या नावाची फाइल खरोखर कालची असेलच असे नाही. ती शेवटच्या बदलापूर्वीची असते.

फरक काढण्याचे काम `diff` ही आज्ञावली करते. ती डग्लस मॅकिलरॉय यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली व १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ती उपलब्ध झाली. तिच्यामागील रीतीचे विवेचन जेम्स हंट व मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही याद्यांत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची शक्य तितकी लांब मालिका प्रथम शोधायची, हे या रीतीचे सार आहे. जुन्या यादीतील ज्या ओळी या मालिकेत बसत नाहीत त्या वगळलेल्या आणि नव्या यादीतील ज्या बसत नाहीत त्या वाढलेल्या समजल्या जातात.

उदाहरण : यादीत मालक, आकार (बाइटमध्ये) आणि मार्ग एवढेच आहे व ती मार्गाच्या अक्षरक्रमाने लावलेली आहे, असे समजू. आधारप्रतीतील तीन ओळी अशा (आकडे कल्पित) :

```
root 52144 /usr/bin/chpass
root 31200 /usr/bin/passwd
root 18640 /usr/bin/su
```

दुसऱ्या रात्री चार ओळी मिळाल्या आणि अहवाल पुढीलप्रमाणे आला :

```
0a1
> root 142888 /tmp/a/sh
3c4
< root 18640 /usr/bin/su
---
> root 18904 /usr/bin/su
```

`0a1` याचा अर्थ असा, की जुन्या यादीच्या आरंभापूर्वी नव्या यादीतील पहिली ओळ वाढली. `3c4` म्हणजे जुनी तिसरी ओळ बदलून नवी चौथी झाली. `<` हे चिन्ह जुनी व `>` हे नवी ओळ दर्शविते. `su` चा आकार बदलण्यामागे प्रणालीची अद्ययावत आवृत्ती बसविली जाणे हे साधे कारण असू शकते. आदल्या दिवशीच्या कामाच्या नोंदीवरून त्याची खात्री करता येते. परंतु तात्पुरत्या फाइलींच्या निर्देशिकेत प्रशासकाच्या मालकीची `setuid` फाइल असण्याला सहसा निर्दोष कारण नसते. बदल न झालेल्या दोन ओळी अहवालात नसल्यामुळेच ही ओळ लगेच नजरेत भरते.

यादीची पूर्वतयारी : `diff` ला ओळींचा अर्थ कळत नाही, ती केवळ अक्षरे व क्रम पाहते. डिस्कवरील शोधात फाइली अक्षरक्रमाने मिळतीलच असे नाही. क्रम न लावता तुलना केली, तर जागा बदललेली ओळ एकीकडे वगळलेली व दुसरीकडे वाढलेली अशी दोनदा दिसते. त्याचप्रमाणे फाइल शेवटची केव्हा वाचली गेली ती वेळ, यांसारखी सतत बदलणारी माहिती यादीत असू नये. ती असल्यास रोज बहुतेक ओळी भिन्न ठरतात आणि अहवाल पूर्ण यादीच्या जवळजवळ दुप्पट होतो. त्याच ओळी वगळलेल्या व वाढलेल्या अशा जोडीने दिसू लागल्यास दोष यादीच्या रचनेत आहे, असे ओळखावे.

मर्यादा : फरक-अहवालातील मौनाचे दोन अर्थ होतात : काही बदलले नाही किंवा तपासणी झालीच नाही. म्हणून बदल नसतानाही तपासणीची वेळ आणि तपासलेल्या ओळींची संख्या सांगणारी एक ओळ पाठविणे इष्ट असते.

याहून गंभीर दोष असा, की बदल एकदाच कळविला जातो. वरील उदाहरणात ते टपाल प्रशासकाला मिळाले नाही, तर तिसऱ्या रात्री `/tmp/a/sh` ही ओळ आधारप्रतीतच असल्यामुळे तिचा उल्लेख होत नाही आणि धोका कायम असूनही अहवाल निर्दोष दिसतो. अहवाल पोहोचल्याची खात्री झाल्यावरच आधारप्रत बदलणे हा यावरील उपाय होय. तो शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा संपूर्ण यादी पाठवितात.

अपुरी तपासणीही अशीच फसवी असते. एखादी डिस्क त्या रात्री जोडलेली नसेल, तर तिच्यावरील सर्व फाइली वगळलेल्या दिसतात व अपुरी यादीच आधारप्रत बनते. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडल्यावर त्या सर्व नव्या म्हणून परततात आणि त्यांत एखादी खरोखर नवी फाइल मिसळून जाते. ओळींची संख्या एकाएकी घटल्यास आधारप्रत न बदलता प्रथम कारण शोधणे हा यावरील उपाय होय.

आधारप्रत त्याच संगणकावर असल्यास प्रशासकाचे अधिकार मिळविलेला घुसखोर तिच्यात आपली ओळ आधीच घालून ठेवू शकतो. मग दोन्ही याद्या जुळतात व अहवाल येत नाही. यासाठी आधारप्रतीची एक नक्कल दुसऱ्या संगणकावर किंवा केवळ वाचता येईल अशा माध्यमावर ठेवतात आणि तुलना तिच्याशी करतात.