आधी काय संपलं?

सोसायटीच्या गणपतीत सकाळच्या नाश्त्याला मिसळीचा बेत आहे. पाववाल्यानं दहा लाद्या आणून टाकल्या. लादीला सहा, म्हणजे एकूण ६० पाव. पातेल्यातली उसळ ३६ बशांना पुरेल एवढी. बशीमागे दोन पाव द्यायचे असं ठरलंय. तर किती जणांचा नाश्ता होईल?

आकडे पाहिले तर पाव उसळीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. पण तिसावी बशी गेली की पावाची टोपली रिकामी होते आणि सहा बशांची उसळ पातेल्यात तशीच राहते. आता वरून आणखी रस्सा ओतला तरी एकतिसावी बशी काही होत नाही. बशा किती होणार हे पावानं ठरवलं.

रासायनिक अभिक्रियेतही असा एक ‘पाव’ असतो. आधी संपून अभिक्रिया थांबवणाऱ्या त्या पदार्थाला अकरावीच्या रसायनशास्त्रात ‘लिमिटिंग रिएजंट’ म्हणतात. मराठीत मर्यादाकारी अभिकारक म्हणता येईल. नाव जड आहे, पण ही अभिक्रिया घरच्या ओट्यावरच घडते. खमण ढोकळ्याच्या पिठात खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, एकत्र आले की फसफस होते. तिची कृती अशी:

C6H8O7 + 3NaHCO3 → Na3C6H5O7 + 3CO2 + 3H2O

लिंबूसत्त्वाच्या एका कणाला सोड्याचे तीन कण लागतात. बशीला दोन पाव, तसंच हे. त्यातून पीठ फुगवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू सुटतात.

आता दोन्ही १०-१० ग्रॅम घेतले तर आधी काय संपेल? ‘वजन सारखं, म्हणजे दोन्ही एकदमच संपणार’ हे उत्तर चुकतं. कृतीत कण मोजायचे असतात आणि तराजू तर वजन दाखवतो. किलोभर शेंगदाण्यांत आणि किलोभर बटाट्यांत नग सारखे नसतात, तसंच इथे. सोड्याचे ८४ ग्रॅम आणि (स्फटिकात पाणी नसलेल्या) लिंबूसत्त्वाचे १९२ ग्रॅम यांत कणांची संख्या सारखी असते. त्या ठरावीक संख्येला रसायनशास्त्रज्ञ एक मोल म्हणतात. डझन म्हणतो तसंच, फक्त डझन फार मोठा.

म्हणून १० ला ८४ नं भागलं की सोडा ०.११९ मोल निघतो, आणि १० ला १९२ नं भागलं की लिंबूसत्त्व ०.०५२ मोल. इथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात आणि लहान आकडा पाहून ‘लिंबूसत्त्व आधी संपेल’ असं लिहून मोकळे होतात. पावांचा हिशेब मात्र राहूनच जातो. ०.०५२ मोल लिंबूसत्त्वाला तिप्पट, म्हणजे ०.१५६ मोल सोडा लागेल. हाताशी आहे ०.११९. कणांची संख्या दुपटीहून जास्त असूनही आधी संपतो तो सोडाच.

पुढचं सगळं सोड्यावरून मोजायचं. वायू ०.११९ मोल, म्हणजे साधारण ५.२ ग्रॅम, खोलीच्या तापमानाला तो जवळपास २.९ लिटर जागा व्यापतो. लिंबूसत्त्व ७.६ ग्रॅम खर्ची पडतं आणि २.४ ग्रॅम उरतं. कागदावर एवढं नेमकं निघतं, पण फुग्यात वायू पकडून मोजला तर थोडा कमीच भरेल, कारण काही वायू पाण्यातच विरघळून राहतो.

हिशेब बरोबर आला का, हे ताडून पाहणं सोपं आहे. मोठ्या उघड्या भांड्यात कोमट पाणी घेऊन दोन्ही पदार्थ मिसळावेत. झाकण लावू नये. ढवळून ढवळून बुडबुडे थांबले की पाणी दोन ग्लासांत वाटून घ्यावं. एकात चिमूटभर सोडा टाकावा, दुसऱ्यात चिमूटभर लिंबूसत्त्व. सोडा टाकलेला ग्लास पुन्हा फसफसेल, दुसरा जवळजवळ गप्प राहील. जे टाकल्यावर फसफस परत येते, तेच आधी संपलं होतं.

ढोकळ्यात मात्र हा हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. ताक घातलं असेल तर त्याची आंबटाईही सोड्याशी अभिक्रिया करते, म्हणजे लिंबूसत्त्वाला एक जोडीदार मिळतो. शिवाय जास्तीची उसळ नुसती पडून राहते, तसा जास्तीचा सोडा राहत नाही. वाफेच्या उष्णतेनं तो स्वतःच फुटतो, थोडा वायू देतो आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, ठेवतो. हा पदार्थ चांगलाच अल्कधर्मी असतो आणि हळद त्याच्यापुढे लाल होते.

तेव्हा खमणावर लालसर ठिपके दिसले आणि जिभेला साबणासारखी चव लागली, तर आंबट आधी संपलं किंवा सोडा नीट मिसळला गेला नाही असं समजावं. ढोकळा नको तितका आंबट झाला आणि नीट फुगलाही नाही, तर बहुधा सोडा कमी पडला. नुसतं लिंबूसत्त्व वापरायचं असेल, तर चार ग्रॅम सोड्याला तीन ग्रॅम लिंबूसत्त्व हे प्रमाण जवळपास बरोबर बसतं.