कायम झालात, पण कोणत्या तारखेपासून?

ओडिशातल्या महानदी कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने १९८४ ते १९९४ या काळात एक काम कंत्राटदाराकडे सोपवले होते. रेल्वे सायडिंगवर सांडलेला कोळसा उचलायचा, टिपलरखालची जागा साफ करायची, चुटी चालवायच्या, असे ते काम. त्यावर राबणाऱ्यांपैकी ३२ जणांना कायम करा, अशी मागणी युनियनने केली. १९९७ मध्ये समझोता झाला आणि १९ जण कायम झाले. उरलेल्या १३ जणांचे काम कायमस्वरूपी आणि बारमाही नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यांचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला आणि २३ मे २००२ रोजी निवाडा त्यांच्या बाजूने लागला. कंपनी वर गेली, आणखी वर गेली. शेवटी १२ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे तेरा आणि ते एकोणीस यांच्यात फरक करता येत नाही. त्यांना कायम करा आणि २३ मे २००२ पासूनचे वेतन द्या.

या निकालात शेवटी महत्त्वाची ठरली ती तारीख. काम १९८४ च्या कंत्राटातले, सोबतचे लोक १९९७ मध्ये कायम झालेले, निकाल २०२४ चा आणि पैसे २००२ पासूनचे. कंत्राटी कामगाराच्या हातात कायमपणाची ऑर्डर पडते तेव्हा पेढे वाटले जातात, आणि ते वाटावेतच. पण त्या ऑर्डरमधली तारीख कोणती, हे फार थोडे जण वाचतात. पुढची सगळी गणिते त्या एका ओळीवर ठरतात.

तारीख कशी ठरते, हे माणूस कोणत्या वाटेने कायम झाला यावर अवलंबून असते. पहिली वाट म्हणजे कंत्राट दिखाऊ होते, हे सिद्ध होणे. कागदावर मालक कंत्राटदार. पण भरती कंपनीच्या अधिकाऱ्याने केलेली, शिफ्ट कंपनीचा सुपरवायझर लावतो, रजा तोच मंजूर करतो, चूक झाली तर मेमोही तिथूनच येतो. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदलतो, माणसे मात्र तीच राहतात. असे असेल तर कंत्राट हा नुसता पडदा होता आणि हा कामगार मुळापासून कंपनीचाच होता, असे न्यायाधिकरण म्हणू शकते. मग जुनी सेवा मागण्याला भक्कम आधार मिळतो.

दुसरी वाट समझोत्याची किंवा नव्या भरतीची. इथे कंपनी मागचे काही मान्य करत नाही. आजपासून तुम्ही आमचे, एवढेच म्हणते.

कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, हा समज अजून ऐकू येतो. १९९६ मधल्या एअर इंडियाच्या निकालात तसे म्हटलेही होते. पण २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला. कंत्राट खरेखुरे असेल आणि ती पद्धत बंद झाली असेल, तर कामगाराला नव्या भरतीत प्राधान्य मिळते, वयाची अट शिथिल होते, इतकेच. त्याच वर्षी सिप्लाच्या खटल्याने महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट पक्की केली. कंपनी जर हा आमचा कामगारच नाही म्हणत असेल, तर अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली थेट तक्रार चालत नाही. आधी नाते सिद्ध करायचे, मग तक्रार. यात किती वर्षे जातात, हे वर आलेच आहे.

मग २४० दिवसांचे काय? महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तो नियम खरोखरच होता. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत मिळून २४० दिवस भरले, हंगामी कारखान्यात १९० दिवस, की त्याला लेखी हुकमाने कायम करायचे. मधल्या काळात मस्टरवरून नाव काढले होते, ही सबब चालत नव्हती. ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घेण्याच्या खेळीवरचा तो उपाय होता. पण हा नियम आस्थापनेच्या स्वतःच्या तात्पुरत्या माणसासाठी. कंत्राटदाराच्या माणसाला पडदा दूर केल्यावरच त्यापर्यंत पोचता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. लहान कारखान्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी घट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ऑर्डर वाचू. समजा एक बाई २०१० मध्ये कंत्राटदाराकडून एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली, २०२२ मध्ये कायम झाली आणि २०३४ मध्ये निवृत्त होणार आहे. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये धरू. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याच्या वेतनाला २६ ने भागतात, १५ ने गुणतात आणि येणारी रक्कम सेवेच्या वर्षांनी गुणतात. इथे एका वर्षाचे २२,५०० रुपये होतात. ऑर्डरमध्ये ‘नव्याने नियुक्ती’ असेल तर सेवा १२ वर्षांची आणि रक्कम २ लाख ७० हजार. ‘पूर्वीची सेवा सलग धरून’ असे लिहिलेले असेल तर २४ वर्षांचे ५ लाख ४० हजार. काम तेच आणि हातही तेच, तरी दोन-तीन शब्दांवर निम्मी रक्कम जाते. ज्येष्ठता यादीत कोण वर, कपातीची वेळ आली तर आधी कोणाला घरी पाठवायचे, हेही याच शब्दांवरून ठरते.

म्हणूनच कायम करण्याआधी कंपनी किंवा कंत्राटदार जो राजीनामा मागतो, त्यावर मुकाट सही करू नये. ‘सर्व येणे मिळाले, आता काही मागणी नाही’ असा कागद नंतर सलग सेवेच्या दाव्याच्या आड येतो. सही टाळणे शक्य नसेल तर निदान ‘सेवा सलग राहण्याच्या अटीवर’ असे हाताने लिहून झेरॉक्स घरी ठेवावी. भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच. कंत्राटदाराच्या खात्यातली रक्कम काढून घेण्याचा मोह होतो, कारण घरात लग्न असते, कर्ज असते. पण ती काढण्याऐवजी त्याच यूएएनवर नव्या खात्यात वळवावी. निधीच्या योजनेतली पेन्शन मिळायला दहा वर्षांची सदस्यता लागते. त्याआधी पेन्शनचा हिस्सा काढून घेतला की ती वर्षे पुसली जातात.

पगाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कायम झालेला माणूस श्रेणीच्या सर्वात खालच्या पायरीवर बसवला जातो, ही नेहमीची रीत. बारा वर्षे काम केलेला आणि काल आलेला, दोघांचे मूळ वेतन सारखे. यावर तोडगा म्हणजे काल्पनिक वेतनवाढ. मागच्या वर्षांचे पैसे द्यायचे नाहीत, पण त्या वर्षांत वाढी मिळाल्या असत्या तर आज वेतन किती असते, ते काढून तिथे बसवायचे. मूळ वेतन १५,००० आणि दरवर्षी ३ टक्के वाढ धरली, तर बारा वाढींनंतर आकडा २१,००० च्या पुढे जातो. महिन्याला सहा हजारांचा फरक, वर त्यावरचा महागाई भत्ता. समझोत्याला बसलेल्या युनियनने थकबाकीत थोडी माघार घेतली तरी चालेल, काल्पनिक वाढीवर घेऊ नये. थकबाकी एकदाच मिळते. बसवलेले वेतन मात्र निवृत्तीपर्यंत सोबत राहते.

प्रोबेशनबद्दल मला सर्वात जास्त राग येतो. दहा वर्षे तेच यंत्र चालवणाऱ्याला कायम करताना एक वर्षाचे प्रोबेशन लावायचे! माणूस कामाला योग्य आहे का, हे पाहण्यासाठी प्रोबेशन असते, आणि ते तर दहा वर्षे पाहून झाले. महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांत त्याची मुदत तीन महिने ठेवली होती. त्याहून लांब मुदत, ती वाढवण्याचा मोघम अधिकार किंवा ‘ट्रेनी’ हा शब्द दिसला, की समजावे, मागची सेवा पुसण्याची तयारी चालली आहे. प्रोबेशनवरच्या माणसाला कमी करणे सोपे असते, आणि युनियनमध्ये पुढे असणाऱ्यांना त्याचा फटका आधी बसतो. वेगळ्या, वरच्या जागेवर घेतले असेल तर प्रोबेशन समजू शकते. पण त्यात नापास ठरल्यास जुन्या जागी परत घेण्याची अट लिहून घ्यावी.

सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी आणखी एक भिंत आहे, मंजूर पदांची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या कामगारांचा दावा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच भिंतीवर अडला. सरकारने पदेच निर्माण केली नाहीत, तर विद्यापीठ कायम कसे करणार, असा तो प्रश्न होता. २००६ च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, हे उत्तर सर्वत्र मिळू लागले. पण २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की मालकाने अनुचित प्रथा केली असेल, तर उमादेवी निकाल औद्योगिक न्यायालयाचे हात बांधत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना न्यायालयाने परत घ्यायला आणि कायम करायला लावले. तिथेही तारखेचे दोन तुकडे झाले. कामावर नसलेल्या काळाचे वेतन नाही, पण तो काळ सेवेत धरायचा आणि निवृत्तीनंतरच्या लाभांत मोजायचा.

आणि सगळे जिंकल्यावरही कागद आडवा येतो. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांच्या बाजूने २०१४ मध्ये न्यायाधिकरणाचा निवाडा झाला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयातही कचरा वाहतूक श्रमिक संघ जिंकला. त्यानंतरही कित्येकांची ऑर्डर अडून राहिली, कारण यादीतल्या नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नव्हते. कंत्राटदाराच्या माणसाने हजेरीवर जसे ऐकू आले तसे नाव लिहिले होते. म्हणून दावा दाखल करण्याआधीच प्रत्येकाचे नाव गेटपास, पगारपत्रक, निधीचे खाते आणि आधार यांवर सारखे आहे का, हे ताडून पाहावे. फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र तेव्हाच करून यादीला जोडावे. कामगार वारला तर वारसालाही त्याच कागदाच्या आधारे थकबाकी मागता येते.