एका शॉटचे वजन

इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनमध्ये स्क्रू एकदा पुढे आला की वितळलेले प्लॅस्टिक साच्यात शिरते. या एका खेपेत साच्यात गेलेल्या सगळ्या मालाच्या वजनाला शॉट वेट म्हणतात. त्यात तयार होणाऱ्या वस्तू येतातच, शिवाय नोझलपासून वस्तूपर्यंतच्या वाटेत गोठलेला मालही येतो. या वाटेचा उभा, निमुळता भाग म्हणजे स्प्रू आणि पुढे फुटणाऱ्या नाल्या म्हणजे रनर. किती दाणा मागवायचा, साचा कोणत्या मशीनवर चढवायचा आणि नगामागे खर्च किती धरायचा, हे सारे या आकड्यावरून ठरते.

सूत्र शाळेतलेच आहे: घनफळ गुणिले घनता. चूक होते ती गुणाकारात नव्हे, तर कोणत्या घनफळाला कोणती घनता लावायची यात. कारण प्लॅस्टिकची घनता एकच नसते. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे कारखान्यातला पीपी, थंड असताना एका घन सेंटीमीटरला सुमारे ०.९०५ ग्रॅम भरतो. तोच २३० अंश सेल्सिअसला वितळला की फुगतो आणि घनता ०.७५ च्या आसपास उतरते. माल तोच, वजन तेच. जागा मात्र जवळजवळ वीस टक्के जास्त लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. डब्याच्या गोल झाकणाचा, चार कॅव्हिटींचा साचा आहे. पोलादात कोरलेल्या पोकळीचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, वरच्या चकतीची जाडी दीड मिलिमीटर आणि चकतीखाली १० मिलिमीटर उंचीची, दीड मिलिमीटर जाडीची कड. चकतीचे घनफळ ४.२४ आणि कडेचे २.७६ घन सेंटीमीटर येते. म्हणजे एक कॅव्हिटी ७ घन सेंटीमीटरची आणि चार मिळून २८.

आता वाट. स्प्रू ६० मिलिमीटर लांब, एका टोकाला ४ आणि दुसऱ्या टोकाला ७ मिलिमीटर व्यासाचा. या निमुळत्या शंकूचे घनफळ १.४६ भरते. मुख्य रनर ८० मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणून २.२६. त्याला फुटलेल्या शाखा सगळ्या मिळून ४० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर व्यासाच्या, त्यांचे ०.७९. गेट इतके बारीक असतात की ते सोडले तरी चालते. वाटेची बेरीज ४.५, आणि पूर्ण शॉटची पोकळी ३२.५ घन सेंटीमीटर.

इथे घाईने ०.९०५ ने गुणले तर २९.४ ग्रॅम मिळतात. वितळलेल्या मालाची घनता वापरली तर २४.४ मिळतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती का चुकतात हे समजले की विषयाचा गाभा हाती येतो.

२४.४ कमी पडते, कारण साचा भरल्यावर काम संपत नाही. आतला माल थंड होऊन आकसू लागतो तसा स्क्रू दाब धरून ठेवतो आणि मोकळी होणारी जागा आणखी मालाने भरत राहतो. गेट गोठेपर्यंत हे चालते. २९.४ जास्त होते, कारण ही भरपाई अपुरीच राहते. गेट बंद झाल्यावरही वस्तू आकसते. म्हणून तर साचा वस्तूपेक्षा थोडा मोठा कोरावा लागतो. पीपीसाठी ही आकसण्याची मात्रा, कारागिरांच्या भाषेत श्रिंकेज, लांबीला साधारण दीड टक्का धरतात. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दीड-दीड टक्क्याने घटल्या की घनफळ सुमारे साडेचार टक्क्यांनी घटते. थंड घनता ही थंड झालेल्या वस्तूची असते, म्हणून ती थंड झालेल्या वस्तूच्याच घनफळाला लावायला हवी.

तेव्हा ३२.५ चे साडेचार टक्के वजा जाता ३१.०६ घन सेंटीमीटर उरतात, आणि ०.९०५ ने गुणल्यावर शॉट वेट २८.१ ग्रॅम येते. त्यात प्रत्येक झाकण ६.०५ ग्रॅमचे आणि रनर-स्प्रू ३.९ ग्रॅमचा. जाडी आणि लांबी सारख्याच दराने आकसतात असे मानणे ढोबळ आहे, आणि जाड स्प्रू पातळ झाकणासारखा वागत नाही. पण दाणा मागवायला आणि मशीन निवडायला हा आकडा पुरेसा पक्का आहे. हजार शॉटला २८.१ किलो माल लागेल आणि त्यातला ३.९ किलो रनर म्हणून दळायला जाईल. साच्यात हॉट रनर असता तर नाल्यांतला माल वितळलेलाच राहिला असता आणि शॉटच्या वजनात धरावा लागला नसता.

वितळलेल्या मालाची घनता लागते ती पुढच्या पायरीला. २८.१ ग्रॅम पीपी बॅरलमध्ये सुमारे ३७.५ घन सेंटीमीटर जागा घेतो. स्क्रू ३५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याला ३९ मिलिमीटर सरकावे लागेल. पुढे दाब धरण्यासाठी पाच मिलिमीटरची उशी, म्हणजे कुशन, ठेवली तर मात्रा ४४ मिलिमीटरची लावावी.

मशीनवर लिहिलेली शॉट क्षमता मात्र सहसा पॉलिस्टायरीनच्या ग्रॅममध्ये असते आणि ती पीपीला जशीच्या तशी लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. वितळलेले पॉलिस्टायरीन ०.९५ च्या आसपास भरते. म्हणून १४० ग्रॅमचे मशीन पीपीचे साधारण ११० ग्रॅमच टाकू शकते. आपला शॉट त्याच्या पाव हिश्शाचा आहे. क्षमतेच्या २० ते ८० टक्क्यांत शॉट बसावा असा रिवाज आहे, तेव्हा हे मशीन चालेल. तोच साचा हजार ग्रॅमच्या मशीनवर चढवला तर माल बॅरलमध्ये फार वेळ शिजत राहील आणि झाकणांवर पिवळी झाक किंवा काळे ठिपके दिसू लागतील.

हिशोब खरा ठरतो तराजूवर. सुरुवातीचे शॉट सोडून, मशीन स्थिर झाल्यावर सलग पाच शॉट रनरसकट तोलावेत आणि सरासरी काढावी. वजन २८.१ च्या बरेच खाली असेल आणि झाकणाला खळगे पडत असतील तर माल पुरेसा दाबला जात नाही. वजन वर असेल आणि कडेला पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, दिसत असेल तर दाब जास्त आहे किंवा साचा झिजला आहे. दाब धरण्याची वेळ किती असावी हेही वजनच सांगते: ती थोडी थोडी वाढवत रनर तोडलेली झाकणे तोलत जावे. ज्या वेळेनंतर वजन वाढायचे थांबते, त्या वेळी गेट गोठलेले असते. त्यापुढे दाब धरणे हा निव्वळ वेळेचा नाश.

सगळे जुळूनही तराजू भलताच आकडा दाखवत असेल तर दाण्याच्या पोत्यावरची माहिती वाचावी. वीस टक्के टॅल्क मिसळलेल्या पीपीची घनता १.०४ च्या आसपास असते आणि तो आकसतोही कमी, साधारण एक टक्का. तो माल चालवला तर याच साच्याचा शॉट २८.१ ऐवजी ३२.८ ग्रॅमचा पडतो.