षटकार कुणाच्या सौजन्याने?

डिसेंबर लागला की संध्याकाळच्या गर्दीत चार पोरं पावतीपुस्तक घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहतात. ‘काका, यंदाही टुर्नामेंट आहे.’ काका गल्ल्यातून 201 रुपये काढतात आणि विषय तिथेच संपतो. ही गणपतीच्या वर्गणीची सवय. टेनिस बॉलच्या स्पर्धेत मात्र समितीकडे विकण्यासारखं काहीतरी असतं, फक्त ते काय हे तिलाच सांगता येत नाही.

समजा, 16 संघ, बाद पद्धत, 5 षटकांचे सामने. एकूण सामने होतात 15. एक सामना 40 मिनिटांत आटोपला तरी दोन दिवसांत 10 तास माईक सुरू असतो, आणि ऐकणारे सगळे आसपासच्या गल्ल्यांतले. विकायचा माल हाच. बॅनरवर एकाखाली एक बारा नावं कोंबली की त्यातलं एकही कुणी वाचत नाही, हे समितीही मनातल्या मनात जाणते.

म्हणून फरसाणवाल्याला मोठी रक्कम मागण्याऐवजी षटकार द्यावा. प्रत्येक षटकाराला समालोचक त्याच्या दुकानाचं नाव घेणार आणि फलंदाजाला फरसाणचं एक पाकीट मिळणार. सामन्याला सरासरी चार षटकार धरले तर पाकिटं लागतात 60. एक पाकीट त्याला 30 रुपयांत पडत असेल, तर खर्च 1,800. पाकीट मैदानातच फुटतं, चार हात त्यात जातात, आणि चव आवडली तर दुकानाचं नाव आधीच कानावर पडलेलं असतं.

मागणीपत्र एका पानाचं पुरे. स्पर्धेची तारीख, मैदान, संघ किती, नाव कधी आणि किती वेळा घेतलं जाईल, पैसे की माल, एवढं त्यात हवं. शिवाय एक ओळ विसरू नये: एका धंद्याचा एकच प्रायोजक. दुसऱ्या फरसाणवाल्याचा बॅनर शेजारी लागला की पहिला पुढच्या वर्षी पायरीही चढू देत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. बॅनर मैदानाच्या आतच बांधावा. रस्त्यावर लावायचा तर पालिकेची परवानगी लागते.

‘पावती द्या, टॅक्समध्ये दाखवतो,’ असं कुणी म्हणालं तर जपून बोलावं. नोंदणी नसलेल्या समितीच्या पावतीवर देणगीची सवलत मिळत नाही. जाहिरात खर्च म्हणून तो दाखवता येतो, पण उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला त्याचा वेगळा फायदा नसतो. तेव्हा कराचं आमिष दाखवूच नये.

फायदा झाला की नाही हे मोजायचीही सोय आहे. सामन्यांचं वेळापत्रक छापलेल्या कागदाच्या मागे ‘हा कागद दाखवा, पाव किलोवर 10 रुपये कमी’ असं छापायचं. दुकानदार आलेले कागद खिळ्याला टोचून ठेवतो. पंधरा दिवसांनी समितीतला एकजण जातो आणि दोघं मिळून ते मोजतात. कागद पाचच निघाले तर पाचच सांगायचे, आणि पुढच्या वर्षी षटकाराऐवजी झेल द्यायचा का, ते तिथेच उभ्या उभ्या ठरवायचं.